सात-बारावर नाव किंवा क्षेत्र चुकलंय? आधी चूक कुठल्या कागदावर जन्मली ते शोधा (वडोदऱ्याचा अनुभव)

आमच्या आजोबांनी १९६८ साली वडोदरा जिल्ह्यात, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, एक एकर बारा गुंठे जमीन घेतली. १९८६ मध्ये ते गेले. सात-बारावर बाबांचं आणि आत्याचं नाव वारसाईने चढलं आणि पुढे पस्तीस वर्षं त्या कागदाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बाबा गेल्यावर मी माझं नाव लावायला ई-धरा या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी केंद्रात गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मृत्यूचा दाखला आणि सात-बारा शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "आ बे माणस एकज छे?" दाखल्यावर 'चव्हाण' होतं, सात-बारावर 'चौहाण'.

घरी येऊन कागद नीट वाचला तर एक नाही, तीन चुका निघाल्या. बाबांचं आडनाव चुकलेलं, आत्याचं नाव तिच्या आधारशी जुळत नाही आणि क्षेत्र ०-५२-६१ ऐवजी ०-५२-१६. तिन्ही एकाच पानावर, पण तिघींचं गोत्र वेगळं. म्हणून तिघींचा रस्ताही वेगळा निघाला. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तो "माझा सात-बारा चुकलाय, दुरुस्त करा" असा एकच अर्ज देतो, आणि तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

आधी कागदांची साखळी लावा

`anyror.gujarat.gov.in` उघडा, `View Land Record - Rural` मध्ये जा. यादीतून `VF-7` निवडून जिल्हा, तालुका, गाव आणि सर्वे नंबर टाकला की चालू सात-बारा दिसतो. त्याची प्रिंट काढा. या पानावर नोंधींचे नंबर छापलेले असतात. आपण मराठीत ज्याला फेरफार म्हणतो त्याला इथे नोंध म्हणतात, आणि ती ज्या वहीत लिहितात ती हक्कपत्रक, म्हणजे गाव नमुना ६. ते सगळे नंबर एका कागदावर उतरवून घ्या आणि `VF-6` मधून एकेक नोंध उघडून वाचा.

मग त्याच यादीतलं `Old Scanned VF-7/12 Details` आणि `Old Scanned VF-6 Entry Details` उघडा. गुजरातमध्ये २००४ च्या सुमारास ई-धरा आलं आणि हाताने लिहिलेले सात-बारा बंद झाले. त्या जुन्या पानांचे फोटो इथे ठेवलेले आहेत. अक्षर तलाठ्याचं, शाई फिकटलेली, काही पानं तिरकी स्कॅन केलेली. पण आपल्या कामाचा खरा साक्षीदार हाच.

आता चालू पानापासून मागे मागे जा, आणि बरोबर मजकूर असलेला शेवटचा कागद आणि चुकीचा मजकूर असलेला पहिला कागद शोधा. त्या दोन कागदांच्या मधे चूक जन्मली. आमच्या बाबतीत असं निघालं.

क्षेत्र: हस्तलिखित सात-बारावर स्वच्छ ०-५२-६१, आणि कॉम्प्युटरच्या पहिल्या पानावर ०-५२-१६. म्हणजे टाइप करताना आकडे उलटले.

आडनाव: आजोबांच्या खरेदीच्या नोंधीत 'चव्हाण', पण १९८६ च्या वारसाईच्या हस्तलिखित नोंधीतच 'चौहाण'. तलाठ्याच्या कानाला चव्हाण म्हणजे चौहाणच वाटलं असणार. वडोदऱ्यातल्या किती मराठी घरांचं असं झालंय याची गणती नाही.

आत्या: इथे कुणाचीच चूक नव्हती, पण त्याबद्दल पुढे.

क्षेत्र तपासायचं ते पाटीवर हिशोब करून

सात-बारावरचं क्षेत्र हेक्टर-आरे-चोरस मीटर असं तीन खणांत असतं. जुनी खरेदीखतं एकर-गुंठ्यांत, आणि गावातले लोक बोलतात विघ्यांत. विघा बाजूला ठेवा, त्यावर कुठलाही अर्ज चालत नाही. गुंठ्याचा हिशोब सोपा आहे: चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चोरस मीटर. आमचे एक एकर बारा गुंठे म्हणजे बावन्न गुंठे. बावन्न गुणिले १०१.१७ केलं की ५२६०.८४ येतात, म्हणजे ५२ आरे ६१ चोरस मीटर. हस्तलिखित पान बरोबर आणि कॉम्प्युटरचं पान पंचेचाळीस चोरस मीटरने कमी, हे इथेच सिद्ध झालं.

पुष्कळ जण पुरावा म्हणून ८-अ जोडतात. त्याचा उपयोग नाही. ८-अ वरची बेरीज त्याच कॉम्प्युटरमधल्या आकड्यातून येते, मग चुकीचा आकडा तिथेही इमानदारीने चुकीचाच दिसतो. दुसरा खरा साक्षीदार म्हणजे मोजणी खात्याकडचा आकारबंध. त्यात सर्वे नंबरचं मूळ क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा, असतो. हस्तलिखित सात-बारा आणि आकारबंध दोन्ही एकच आकडा सांगत असतील आणि फक्त कॉम्प्युटर वेगळं सांगत असेल, तर ती टंकनाची चूक. ती मामलतदाराच्या अखत्यारीत सुटते.

पण आकारबंधातच क्षेत्र कमी असेल, किंवा कागद सगळे जुळतात पण शेतात टेप लावल्यावर जमीन कमी भरते, तर मामलतदाराकडे जाऊन दिवस घालवू नका. त्यासाठी मोजणीचा अर्ज करावा लागतो, तो iORA पोर्टलवरून जमीन दफ्तर खात्याकडे जातो. सर्व्हेअर येतो, शेजाऱ्यांना नोटीस जाते, मूळ मोजणीच्या टिपणाशी ताळा घेतला जातो, आणि फरक खरा निघाला तर कमी-जास्ती पत्रक तयार होऊन त्याची नोंध पडते. कधी कधी क्षेत्र कमी होण्याचं कारण साधं असतं: मधल्या काळात रस्त्याला किंवा कॅनॉलला तुकडा गेलेला असतो, आणि त्याची नोंध त्या यादीतच पडलेली असते. म्हणून नोंधी वाचल्याशिवाय अर्ज करायचा नाही.

तुमच्या गावात नवी मोजणी होऊन ती जाहीर झाली असेल तर सर्वे नंबरच बदललेला असतो. AnyRoR वर जुन्यावरून नवा नंबर शोधायची सोय आहे. तिथे क्षेत्राचा वाद टंकनाचा नसून मोजणीचा असतो, आणि त्याची हरकत जमीन दफ्तराच्या अधीक्षकाकडेच लेखी द्यायची. तलाठ्याच्या हातात त्यात काहीच नसतं.

आत्याचं नाव, आणि तांदळात लिहिलेलं नाव

आम्ही सुरुवात आत्यापासून केली. त्याला कारण होतं. बाकीच्या दोन्ही अर्जांवर जिवंत खातेदार म्हणून तिचीच सही लागणार होती, आणि तिचंच आधार सात-बाराशी जुळत नव्हतं. ज्याची ओळखच कागदावर पटत नाही त्याच्या संमतीला किंमत शून्य. एकापेक्षा जास्त चुका असतील तर हा क्रम लक्षात ठेवा: आधी अर्जदाराची ओळख जुळवायची, मग बाकीचं.

सात-बारावर होतं 'मनोरमा', पुढे आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर आहे 'सुनंदा', पुढे काकांचं नाव आणि सासरचं आडनाव. तीन शब्दांतला एकही जुळत नाही. १९८६ ला पेढीनामं, म्हणजे वंशावळ, करताना बाबांनी घरचं नाव सांगितलं, तलाठ्याने लिहिलं. तिचं लग्न १९७९ सालीच झालं होतं, पण भावाच्या तोंडी बहीण मनोरमाच राहिली.

गुजराती घरांत आडनाव बदलतं, पहिलं नाव सहसा नाही. म्हणून आमच्या टेबलावरच्या साहेबांना हे प्रकरण संशयास्पद वाटलं, आणि त्यांचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत मी त्यांना उभ्या उभ्या समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भले, पण कागळ लावो."

कागद गोळा केले ते असे. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर मनोरमा आणि जन्मतारीख. आधार आणि पासपोर्टवर सुनंदा, जन्मतारीख तीच. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव सुनंदा. विवाह नोंदणी त्या काळी केलीच नव्हती, पण आईच्या पेटीत लग्नपत्रिका सापडली. तिच्यावर चि. सौ. कां. मनोरमा आणि काकांचं पूर्ण नाव होतं. सरकारी दृष्टीने पत्रिका हा काही पुरावा नाही, पण दोन नावांना जोडणारा तेवढा एकच छापील कागद होता. त्याच्या जोडीला दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं आत्याचं सोगंदनामं म्हणजे प्रतिज्ञापत्र, तलाठ्यासमोर केलेलं पेढीनामं आणि दोन वयस्क पंचांचे जबाब. सगळ्यात जास्त वजन पडलं ते दोन्हीकडे सारख्या असलेल्या जन्मतारखेचं.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. जुनं नाव खोडून नवं लिहा अशी मागणी करू नका. 'सुनंदा उर्फे मनोरमा' अशी दोन्ही नावं मागा. जुनं नाव गेलं की १९८६ ची नोंध आणि आजचा सात-बारा यांचा धागा तुटतो, आणि उद्या टायटल तपासणारा वकील विचारतो, ही मनोरमा कुठे गेली आणि ही सुनंदा कुठून आली?

चव्हाण की चौहाण

टंकनाच्या चुकीसाठी जो अर्ज देतात त्याला कचेरीत क्षति सुधारा म्हणतात. बाबांच्या आडनावासाठी मी तोच दिला आणि तो परत आला. शेरा होता की मूळ नोंधीतच असं नाव आहे आणि नोंध प्रमाणित झालेली आहे. शेरा बरोबर होता. हस्तलिखित पान आणि कॉम्प्युटरचं पान यांत फरक असेल तरच क्षति सुधारा. मूळ नोंधच चुकली असेल तर ती प्रमाणित नोंध कायद्याने खरी धरली जाते, आणि ती चुकीची आहे हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो.

मग दुसरा अर्ज नाम-सुधारणेचा केला. त्यात स्पष्ट लिहिलं की हक्कात कुठलाही बदल मागत नाही, खातेदार तोच आहे, हिस्सा तोच आहे, फक्त आडनावाची अक्षरं चुकली आहेत. सोबत आजोबांच्या खरेदीखताची सब-रजिस्ट्रारकडची नक्कल, बाबांचा शाळेचा दाखला, मृत्यूचा दाखला, माझं सोगंदनामं आणि सहखातेदार म्हणून आत्याची संमती जोडली. तिचं नाव आधीच जुळवलं होतं म्हणून ती संमती चालली.

अर्ज गुजरातीत द्या आणि आडनाव गुजराती लिपीत कसं हवं ते एका ओळीत वेगळं, ठळक लिहा. त्याआधी आपल्या आधारवरची गुजराती ओळ वाचा. आधारवरही नाव दोन लिप्यांत असतं आणि इंग्रजीवरून गुजराती करताना तिथेही 'चवन' वगैरे काहीतरी होऊन बसलेलं असतं. सात-बारा आधारशी जुळवणार असाल तर आधी आधार नीट करा, नाहीतर एक चूक काढून दुसरी बसवाल.

"आडनावाचं एवढं काय, सगळ्यांना माहीत आहे" असं काका मंडळी म्हणतात. गुजरातेत शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. उद्या तुम्ही दुसरी जमीन घ्यायला गेलात तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून हाच सात-बारा पुढे करावा लागतो, आणि तिथे चौहाण चालत नाही.

अर्ज दिल्यानंतर काय होतं

अर्ज ई-धरात दिला की पोच घ्या, तिच्यावर नंबर असतो. मामलतदार जुन्या दफ्तराशी ताळा घ्यायला लावतात, तलाठ्याचा अहवाल येतो आणि दुरुस्तीचा हुकूम होतो. मग हक्कपत्रकात कच्ची नोंध पडते आणि हितसंबंध असलेल्या सगळ्यांना कलम १३५-ड ची नोटीस निघते. हरकतीला तीस दिवस असतात. सहखातेदार तर आलेच, पण जमिनीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर त्यांनाही नोटीस जाते. आमच्या सात-बारावर फेडून झालेल्या पीककर्जाचा बोजा तसाच उभा होता, तेव्हा आधी बँकेचं नाहरकत पत्र आणावं लागलं.

हे तीस दिवस गप्प बसायचे नसतात. नोटीस खरंच बजावली गेली का, ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. आमच्या आत्याची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती. बजावणीची पोच फाइलला नसेल तर मुदत संपूनही नोंध पुढे सरकत नाही, आणि कारण कुणी आपणहून सांगत नाही.

हरकत आली नाही तर नोंध प्रमाणित होते. त्याच दिवशी `VF-7` परत काढून एकेक अक्षर, एकेक आकडा बोट ठेवून वाचा. नाव सुधारताना क्षेत्र बिघडलेलं मी दुसऱ्याच्या कागदावर पाहिलं आहे. सगळं मिळून आम्हाला चार महिने लागले, त्यातला एक महिना मी चुकीचा अर्ज देऊन वाया घालवलेला.

नोंध नामंजूर झाली तर शेरा वाचा. कागद कमी म्हणून नामंजूर असेल तर कागद जोडून नव्याने अर्ज करणं बहुतेक वेळा लवकर उरकतं. हरकत आल्यामुळे किंवा हक्काचा प्रश्न काढून नामंजूर असेल तर प्रांताकडे, म्हणजे डेप्युटी कलेक्टरकडे अपील, साठ दिवसांत. उशीर झाला तर उशिराच्या माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. आणि भाऊबंदांपैकी कुणी "यांचा हिस्साच नाही" म्हणत असेल तर ती नावाची दुरुस्ती राहत नाही. मालकी कुणाची हे महसूल खातं ठरवत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टच.

शहरातल्या प्रॉपर्टी कार्डाचं थोडं वेगळं

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या घरांना सात-बारा नसतो. सिटी सर्वे नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड असतं, आणि ते `View Land Record - Urban` मध्ये दिसतं. अर्ज सिटी सर्वे सुपरिंटेंडेंटच्या कचेरीत. नाव दुरुस्तीची रीत जवळपास तीच: सोगंदनामं, पुरावे, नोटीस, नोंध.

क्षेत्राच्या बाबतीत मात्र घाबरायच्या आधी एकक पाहा. आमच्या ओळखीच्या एका आजींनी घाबरून फोन केला होता, की खरेदीखतात एकशे दहा आणि कार्डावर ब्याण्णव, अठरा कुणी खाल्ले? खतात चोरस वार होते, कार्डावर चोरस मीटर. एक चोरस वार म्हणजे ०.८३६१ चोरस मीटर, आणि एकशे दहा गुणिले तेवढं म्हणजे ९१.९७. काहीच चुकलं नव्हतं.

खरोखर फरक असेल तर तो बहुधा ओटला, सामाईक गल्ली किंवा दोन घरांमधली भिंत यांत दडलेला असतो. कार्डावरचं क्षेत्र सर्वेच्या वेळी प्रत्यक्ष मोजून नकाशाच्या शीटवर चढवलेलं असतं. ते बदलायचं तर शीटवरची रेघ हलवावी लागते, आणि रेघ हलली की शेजाऱ्याचं क्षेत्र हलतं. म्हणून तिथे मोजणी आणि शेजाऱ्याला नोटीस चुकत नाही. महानगरपालिकेच्या घरपट्टीचं बिल घेऊन लोक येतात, पण त्यावरचं नाव आणि क्षेत्र कर आकारण्यापुरतं असतं, सिटी सर्वेत त्याच्यावर काही होत नाही. जुनी सनद असेल तर ती न्या. आणि फ्लॅट असेल तर कार्डावर आपलं नाव शोधू नका, जमीन बहुधा सोसायटीच्या नावावर असते.

राहिलं माझं मूळ काम. तिन्ही नोंधी प्रमाणित झाल्यावर वारसाईचा अर्ज केला, तो एका फेरीत मंजूर झाला. गावातला एक जण तुकडा मागायला आलाच होता, पण त्याच्या वकिलाने अपिलाचे साठ दिवस उलटेपर्यंत बाना, म्हणजे विसार, द्यायचा नाही असं त्याला सांगितलं. तोवर चारही नोंधींच्या शिक्क्यानिशी नकला काढून आम्ही खरेदीखताच्याच फाइलला लावल्या, वर आत्याची लग्नपत्रिका.